एकतीस मार्चची मिरची

माझ्या स्वतःच्या प्रॅक्टिसमधलं पहिलं कंपनी ऑडिट मी शिंकत शिंकत केलं. तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यातला मसाल्याचा कारखाना होता तो. आत पाऊल टाकलं की डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि समोर पन्नाशीचे मालक हसत उभे. "मॅडम, सवय होईल. आमच्या हिला पण आठ दिवस लागले." त्यांची 'ही' म्हणजे कंपनीची दुसरी डायरेक्टर. प्रायव्हेट लिमिटेड म्हटलं की लोकांना काहीतरी काचेची इमारत आठवते. इथे नवरा, बायको, मिरची कुटायच्या डंखांची एक रांग आणि पत्र्याचं छप्पर, बस्स.

मी तेव्हा नेरूळला राहायचे. हॉलच्या एका कोपऱ्यात टेबल, टेबलावर कॅल्क्युलेटर आणि सासूबाईंची औषधं, हेच माझं ऑफिस. फोर्टातल्या मोठ्या फर्ममधली नोकरी सोडली म्हणून माहेरचे अजून रागावलेले होते. मला मात्र स्वतःबद्दल शंका म्हणून नव्हती. आजही फारशी नाही. काही माणसांना देव अक्कल देतो, काहींना आत्मविश्वास. मला दुसरं भरभरून मिळालं आणि पहिलं मी कष्टाने जमवलं.

कंपनीचे आधीचे ऑडिटर मुंबईतले एक वयस्कर गृहस्थ होते. मालक त्यांना नुसतं 'साहेब' म्हणायचे, तेही जरा मान झुकवून. साताऱ्याकडून येऊन बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या या माणसाला साहेबांनी पहिली वही कशी लिहायची ते शिकवलं होतं, कंपनी काढून दिली होती. सप्टेंबरच्या सभेत त्यांची पुन्हा नेमणूक झाली आणि दिवाळीनंतर ते गेले. ऑडिटर असा मध्येच वारला तर संचालक मंडळाला दुसरा नेमता येतो. तो ठराव करून नवराबायकोने मला नेमलं, कारण मी जवळ राहत होते आणि, मालकांच्या शब्दांत, "फी परवडण्यासारखी सांगितली."

मी पहिल्याच दिवशी विचारलं, "साहेबांचे वर्किंग पेपर्स बघायला मिळतील का?"

वर्किंग पेपर्स म्हणजे ऑडिटर स्वतःसाठी ठेवतो ते कागद. काय तपासलं, कुणाला विचारलं, मालाची मोजणी झाली तेव्हा तो तिथे उभा होता की नव्हता, सगळं त्यात असतं. ते त्याच्या मालकीचे असतात, दुसऱ्याला दाखवायलाच हवेत असं काही नाही. पण सभ्य माणसं बसून दोन गोष्टी सांगतात. इथे सांगायला कुणी उरलंच नव्हतं. साहेबांच्या घरी फोन केला तर त्यांची सून रडवेल्या आवाजात म्हणाली, "अहो, ती खोली पागडीची होती. घरमालकाने महिन्यात रिकामी करून घेतली. कागद सगळे रद्दीत गेले. आम्हाला काय कळणार त्यातलं?"

बरोबर होतं तिचं. तिला काय कळणार?

आता यात अडचण काय, हे ऑडिटशी संबंध नसलेल्या माणसाला सांगायचं तर सोपं आहे. यंदाचा नफा काढताना वर्षाच्या सुरुवातीला माल किती होता ते धरावं लागतं. एक एप्रिलची सुरुवातीची शिल्लक म्हणजेच एकतीस मार्चची शेवटची शिल्लक. ती साहेबांनी तपासलेली, मी नाही. ती चुकली असेल तर माझं यंदाचं गणित कितीही नीट केलं तरी उत्तर चुकणार. आणि त्यांनी ती कशी तपासली ते सांगणारे कागद रद्दीवाल्याकडे गेलेले.

फर्ममधल्या माझ्या जुन्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, घाबरतेस काय? पहिलं वर्ष आहे. रिपोर्टमध्ये 'सब्जेक्ट टू' लिहून टाक, सुरुवातीच्या शिल्लका आधीच्या ऑडिटरच्या रिपोर्टवरून घेतल्या, आम्ही तपासलेल्या नाहीत, म्हणून. सुटलीस."

"सर, घाबरत नाही. सुटायचं नाहीये."

"मग कर उद्योग," ते म्हणाले आणि हसले. तेव्हा या विषयावर वेगळं मानक वगैरे निघालेलं नव्हतं. जो तो आपापल्या पद्धतीने करायचा, आणि बरेच जण करायचेच नाहीत.

मी केला उद्योग. बहुतेक शिल्लका नंतरच्या महिन्यांनीच सिद्ध होतात, हे यातलं गुपित. मार्चअखेर एखाद्या गिऱ्हाइकाकडे येणं दाखवलंय ना? मग एप्रिल-मे मध्ये त्याचा चेक आला का ते बघायचं. आला, तर येणं खरं. ज्याचं देणं दाखवलंय त्याला नंतर पैसे गेले का, त्याचा खातेउतारा जुळतो का, बघायचं. बँकेकडून एकतीस मार्चच्या शिल्लकेचा दाखला मागवायचा. मशिनांची मूळ बिलं, प्लॉटचा करारनामा डोळ्यांनी बघायचा आणि मशिनं जागेवर आहेत का तेही. हे सगळं आठवड्यात झालं. मालकीणबाईंनी दर बिलाला एक पिशवी शिवून ठेवली होती की काय, असं वाटावं इतकं सगळं नीट होतं. मी खूश.

राहिला माल. मालाचं तसं नसतं. एकतीस मार्चची मिरची जूनमध्ये चटणी होऊन कुणाच्या तरी पोटात गेलेली असते. तिला आता कुठून बघणार?

तर त्यावर उपाय असा: आज मोजायचं आणि उलटं मागे जायचं. डिसेंबरअखेर मी गोदामात स्वतः उभी राहून सुक्या लाल मिरचीची पोती मोजून घेतली. साठ भरली. एप्रिलपासून डंखावर गेलेली पोती सातशे. त्याच काळात विकत आणलेली साडेचारशे. म्हणजे साठात सातशे मिळवा, साडेचारशे वजा करा. एक एप्रिलला तीनशे दहा पोती असायला हवीत.

एकतीस मार्चच्या मोजणीच्या कागदावर होती तीनशे नव्वद.

ऐंशी पोत्यांचा फरक. मी तीनदा गणित केलं. धणे, हळद, बाकीचं सगळं दोन-चार किलोच्या आत जुळत होतं. फक्त मिरची. डंखावर जास्त गेली आणि लिहायची राहिली असेल, म्हणून तयार चटणीचा, म्हणजे कुटलेल्या तिखटाचा, हिशोबही लावून बघितला. सातशे पोत्यांतून जेवढी चटणी निघावी तेवढीच निघाली होती. तिकडून काही सुटलेलं नव्हतं.

मी हे मालकांना सांगितलं, आणि तिथे माझं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण सांगायलाच हवं होतं. पण पुढे जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. मालक खुर्चीवरून उठले, तडक गोदामात गेले आणि सगळ्या कामगारांसमोर गोदाम सांभाळणाऱ्या काकांवर ओरडले, "ऐंशी पोती! कुठं घातली? बोल की! साहेबांनी सही केलीय तीनशे नव्वदावर. साहेब खोटं लिहितील व्हय?"

काका करावे गावचे. खाडीत मासे मारणाऱ्या घरातले, पण बारा वर्षं या कारखान्यात. गोदामाच्या चाव्या कायम त्यांच्या कमरेला. मालकांच्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढणारा हा माणूस. ते काही बोललेच नाहीत. चेहरा लाल, ओठ घट्ट. चाव्यांचा जुडगा काढला, टेबलावर ठेवला आणि निघून गेले.

"बघितलंत मॅडम?" मालक मला म्हणाले. "खरा असता तर बोलला असता."

"आणि रागावला असता तर?" मी म्हटलं. "माझा नवरा रागावला की दोन दिवस बोलत नाही. म्हणून काय त्याने दरोडा घातला?"

मालकांना विनोद आवडला नाही. ते म्हणाले, "तुमी फक्त एवढं लिहून द्या, की माल ऐंशी पोती कमी भरला. मी पोलिसात देतो. बाकी तुमाला काही टेन्शन नाही."

इथे मी चिडले. खरंच चिडले. त्यांना सांगितलं, "शेठ, मी एवढंच सांगू शकते की डिसेंबरात साठ पोती होती. ऐंशी गेली असं म्हणायला ती एकतीस मार्चला मुळात असावी लागतात. तुम्ही म्हणताय होती, कारण साहेबांनी सही केली. साहेबांनी ती कशावरून केली, हे मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. कागद नाहीत. मग अर्ध्या वाक्यावर माणूस आत घालायचा?"

"साहेबांवर संशय घेताय?"

"नाही हो! साहेब देवमाणूस असतील. पण देवमाणसाची सही म्हणजे मोजणी नव्हे."

ते मला उत्तर देण्याऐवजी शिंकले. तेवढ्यावर त्या दिवशीचं भांडण संपलं.

आता नीट ध्यानात घ्या, माझ्यासमोर काय होतं. हिशोबात हे दोनच प्रकारे लिहिता येणार होतं. ऐंशी पोती होती आणि नंतर नाहीशी झाली, तर तो यंदाचा तोटा, आणि कुणीतरी चोर. ती कधी नव्हतीच, तर मागच्या वर्षीचा नफा फुगवून दाखवला गेला, ती मागील वर्षाची दुरुस्ती, यंदाच्या कमाईपासून वेगळी दाखवायची, आणि चोर कुणीच नाही. नफातोट्याच्या पत्रकात एक ओळ वर की एक ओळ खाली, एवढाच फरक. त्या एका ओळीवर काकांचं नाव टांगलेलं होतं. आणि 'सब्जेक्ट टू' लिहून सुटले असते, तर ते जन्मभर टांगलेलंच राहिलं असतं.

मला वाटायचं ती पोती नव्हतीच. का वाटायचं? ऐंशी पोती म्हणजे तीन टनांहून जास्त माल. तो काही डब्यातून घरी नेता येत नाही. टेम्पोच्या दोन-तीन खेपा लागणार, आणि कारखान्याला एकच गेट, गेटावर वॉचमन, गेटाला लागून मालकीणबाईंची खिडकी. त्या बाईंच्या नजरेतून मांजर सुटायचं नाही. पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे. आणि नव्हती म्हणावं तर काकांनी तीनशे नव्वद मोजली कशी? हाताने मोजलेला आकडा होता तो, टिक मार्क करून, थप्पीगणिक. हवेतून कुणी असा आकडा काढत नाही.

दोन-तीन दिवस डोकं पिकलं. घरात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं, इतकी मी खेकसत होते.

मग एका दुपारी जेवताना सासूबाईंनी आमटीची चव घेतली आणि तोंड वाकडं केलं. "या मसाल्याला वासच नाही. मार्चात कांडायला दिला तेव्हाच मी म्हणत होते. चार दिवस त्याच्या गिरणीत आपली मिरची नुसती पडून! त्याला म्हटलं, बाबा, आमची पिशवी तरी वेगळी ठेव, तर म्हणे मावशी, सीझन आहे, पाय ठेवायला जागा नाही, सगळ्यांचं एकाच ठिकाणी ठेवलंय."

घास माझ्या हातात राहिला.

"आई," मी म्हटलं, "तुमचे पाय कुठे आहेत?"

"टेबलाखाली. का गं?"

मी खरंच वाकून नमस्कार केला. त्यांना वाटलं हिचं डोकं फिरलं.

मार्चअखेर! मसाल्याचा सीझन! घरोघर, हॉटेलांत, खानावळींत वर्षाचा मसाला याच दिवसांत कांडून घेतात. आमचा कारखाना स्वतःचा मसाला विकायचा, पण मोठ्या पार्ट्यांचा माल मजुरीवर कांडूनही द्यायचा. मी ते बघितलं होतं, कांडप मजुरीचं उत्पन्न म्हणून हिशोबात होतंच. पण डिसेंबरात गोदामात कुणाचं एक पोतं नव्हतं, म्हणून ते माझ्या डोळ्यांपुढे आलं नाही. आमचं आर्थिक वर्ष संपतं नेमकं त्या दिवशी, जेव्हा मसाल्याच्या कारखान्यात दुसऱ्यांची मिरची सगळ्यात जास्त असते. सरकारने वर्षाची तारीख ठरवताना डंखवाल्यांना थोडंच विचारलं होतं?

दुसऱ्या दिवशी मी मालकीणबाईंना कांडप मजुरीची एप्रिलची बिलं मागितली. पहिल्या आठ-दहा दिवसांतच तीन पार्ट्यांना मिरची कांडून दिल्याची बिलं होती. बाजारातला एक व्यापारी, एक केटरर, आणि जुईनगरच्या बायकांचं एक मंडळ, जे घरगुती मसाला करून विकायचं. एकूण बेरीज मी इथे लांबवत नाही. ऐंशीला दोनच पोती कमी.

पण बिल एप्रिलचं आहे म्हणून माल मार्चमध्ये आला होता, असं होत नाही. एक तारखेला सकाळी आला असेल तर? म्हणून मी तिन्ही पार्ट्यांना कंपनीच्या कागदावर पत्रं लिहायला लावली: एकतीस मार्चला तुमची किती मिरची आमच्याकडे होती, ते थेट आमच्या ऑडिटरला कळवा. उत्तर मालकांकडे नाही, माझ्या नेरूळच्या पत्त्यावर. हा नियम मी कधी मोडला नाही.

पत्रांची वाट बघताना मी करावेला गेले. सी-वूड्सच्या बाजूने आत वळलं की खाडीचा वास यायला लागतो. काका अंगणात बसले होते. त्यांच्या बायकोने मला पाट दिला आणि दोन शब्दांत सगळं सांगून टाकलं: "गावात लोक इचारतात. देवलात जायाची लाज वाटते बाय."

मला भडभडून आलं. खोटं कशाला सांगू?

काकांना विचारलं, "एकतीस मार्चला तुम्ही मोजलं, त्यात कांडपाच्या पार्ट्यांची पोती धरली होती का?"

"धरली असनार. दर साली ती पुढल्या शेडात असतात. गेल्या साली शेडाचे पत्रे बदलत व्हते, म्हनून सगली गोदामात लावली. शेठ म्हनले, गोदामात हाय ती समदी मिरची मोज. मोजली. कागद त्यांनी नेला."

"हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"त्या दिवशी कोन इचारत व्हतं? चोर म्हनल्यावर मंग काय मोजनी सांगायची?"

मी त्यांना कुठलाही शब्द दिला नाही. फक्त म्हटलं, मी तपासतेय. ऑडिटरने निकालाआधी पेढे वाटू नयेत.

पत्रं आली. व्यापाऱ्याने तर सोबत आपल्या चलनाची नक्कलही पाठवली, तारीख अठ्ठावीस मार्च, खाली काकांचीच सही, माल पोचल्याची. तिन्ही मिळून ऐंशी. बिलात दोन पोती कमी होती ती मंडळाच्या बायकांनी न कांडता, सडकी निघाली म्हणून, परत नेली होती. त्यांनी पत्रात ते अगदी रागाने लिहिलं होतं. तो राग वाचून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

सगळे कागद घेऊन मी मालकांपुढे बसले. सांगितलं, "ऐंशी पोती तुमची कधीच नव्हती. दुसऱ्यांचा माल तुमच्या शिलकेत धरला. चोरी नाही. मागच्या वर्षी नसलेला नफा दाखवलात आणि त्यावर टॅक्सही भरलात. सुधारित रिटर्न भरा, अजून मुदत आहे."

मला वाटलं, ते खूश होतील. त्यांनी कागद बाजूला सरकवले. मग म्हणाले, "मॅडम, बँकेला दर महिन्याला मालाचं स्टेटमेंट जातं. त्याच्यावर आमची कर्जाची लिमिट. आता बँकेला काय सांगू? चोरी झाली म्हटलं तर ते समजून घेतील. चोरी कुणाकडेबी होते. पण शेठला स्वतःचं अन् दुसऱ्याचं पोतं ओळखता येत न्हाई म्हटलं, तर ते पुढच्या वर्षी लिमिट देतील?"

तर असं होतं ते. चोर असणं सोयीचं होतं.

"म्हणून काका चोर?" मी विचारलं.

"मी पोलिसात देत न्हाई. विषय इथंच मिटवू. तुमी यंदाच्या तोट्यात टाका, मालाची तूट म्हणून. कुणाचं नाव थोडंच येतंय?"

"तूट लिहिली की गावात सगळ्यांना नाव माहीत आहे," मी म्हटलं. "आणि ते राहू द्या. ते खोटं आहे म्हणून मी लिहिणार नाही. यंदा एकही पोतं गेलेलं नाही. 'मागील वर्षाची दुरुस्ती', वेगळ्या ओळीत, खाली टीप: दुसऱ्यांचा माल चुकून शिलकेत धरला होता. असं छापलंत तर मी स्वच्छ सही करते. नाही छापलंत, तर मी माझ्या रिपोर्टात हे सगळं माझ्या शब्दांत लिहीन, आणि माझे शब्द तुमच्या टिपेहून तिखट असतात."

"आणि मी ऑडिटर बदलला तर?"

"बदला. नवा येईल त्याला नियमाने मला पत्र लिहून विचारावं लागेल. माझे वर्किंग पेपर्स रद्दीत गेलेले नसतील."

मालकीणबाई इतका वेळ खिडकीशी होत्या. त्या वळल्या आणि नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "आवं, बास करा. शेडाचे पत्रे मीच उतरवायला लावले होते. कुणाची पोती आत लावली ते तुमीबी बघितलं होतं."

मालकांनी डोळे मिटले. मला वाटतं त्यांना ते त्याच क्षणी आठवलं. किंवा आधीच आठवलं होतं, कुणी सांगावं? त्यांनी टेम्पो काढला. मला म्हणाले, "तुमी बी चला. मला नीट सांगता येणार न्हाई."

करावेला काकांच्या अंगणात शेजारची दोन-चार माणसं होती. मालक काकांना आत न्यायचा प्रयत्न करतील असं मला वाटलं. नाही नेलं. उभ्या उभ्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चोरी झालीच नव्हती. पोती दुसऱ्यांची होती. गोदामातलं सगळं मोज, असं मीच सांगितलं होतं. या बाईंनी कागदावर काढलंय. बँकेलाबी तसंच सांगतो. चूक माझी हाय. उद्यापासून कामाला ये."

काकांची बायको रडायला लागली. मीही रडले असते, पण मला पुढचं ऐकायचं होतं.

काका उठले. मालकांना हात जोडले. म्हणाले, "येतो शेठ. चाव्या घेतो. पन एक सांगू? साहेब मेले, त्यांची सही तुमाला खरी वाटली. मी बारा वरसं तुमच्या समोर उभा हाय. मला एक डाव इचारलं नाय."

मालकांनी खिशातून चाव्यांचा जुडगा काढला आणि त्यांच्या हातात ठेवला. त्या बोलण्याला उत्तर ठरेल असा कागद माझ्याकडेही नव्हता.